दालमिलचे कट्टे: ईओक्यू १,५४९ की ४,०००? आणि ऑर्डर नेमकी कधी द्यायची?

दालमिलची_लेक

नमस्कार. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अमरावतीला. गाव दर्यापूर तालुक्यात, घरची छोटी दालमिल आहे. आमच्या कॉस्टिंगच्या सरांनी यंदा पुस्तकातलं गणित न देता सांगितलं, की ओळखीच्या धंद्यातली एक वस्तू घ्या आणि तिची ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती मागवलं तर खर्च सर्वांत कमी येतो तो आकडा, आणि रिऑर्डर लेव्हल, मिनिमम, मॅक्झिमम काढून आणा. मी डाळ भरायचे ३० किलोचे छापील कट्टे घेतले. बाबांच्या वहीवरून आणि त्यांना विचारून हे आकडे जमवले:

आठवड्याला साधारण ४०० कट्टे लागतात. कमीत कमी २५०, जास्तीत जास्त ६००. मिल वर्षातून ५० आठवडे चालते, म्हणजे वर्षाचे २०,००० कट्टे. एक कट्टा हमालीसकट १५ रुपयांना पडतो. एक ऑर्डर दिली की गाडीभाडं, छपाईचा साचा लावायचे पैसे आणि बाकी किरकोळ मिळून ९०० रुपये जातात, मग कट्टे कितीही असोत. माल ठेवायचा खर्च वर्षाला किमतीच्या १५ टक्के धरला. छापून माल यायला कधी २ आठवडे लागतात, कधी ४. बहुतेक वेळा ३.

माझं ईओक्यू ४,००० आलं. मैत्रिणीने हेच आकडे घेऊन १,५४९ काढलं. सूत्र दोघींचं तेच. बाबांनी दोन्ही वह्या पाहिल्या आणि म्हणाले, "आपण तं हजारेक कट्टे उरले की फोन लावतो." मग बरोबर कोण? आणि हजारावर फोन लावणं म्हणजेच रिऑर्डर लेव्हल का?

खारपाणपट्टा

ताई, तुमचे बाबा बरोबर हायेत. आमचं बी ढेपीचं गोदाम हाय. मिनिममले माल आला का ऑर्डर द्याची, एवढंच गणित. मिनिमम म्हणजेच तुमची ती रिऑर्डर लेव्हल. आन् एकदा मागवाचंच हाय तं गाडी भरून मागवा, भाडं तेवढंच लागते. चार-चार हजाराचे पाच फेरे कशाले?

कॉस्टिंग_शिकवणी

आधी ईओक्यूचं पाहू, ते लवकर मिटेल.

सूत्रात भागाकारात जो आकडा येतो तो एक नग एक वर्ष ठेवायचा खर्च. नगाची किंमत नव्हे. १५ रुपयांचे १५ टक्के म्हणजे २ रुपये २५ पैसे. मैत्रिणीने सरळ १५ ने भागलेलं दिसतंय, कारण √(२ × २०,००० × ९०० ÷ १५) बरोबर १,५४९ येतं. आणि √(२ × २०,००० × ९०० ÷ २.२५) म्हणजे ४,०००. या गणितात किंमतही १५ आणि टक्केही १५ असल्यामुळे घोळ लवकर लक्षात आला नसेल.

परीक्षेत दुसरी चूक याहून जास्त दिसते. वापर आठवड्याचा दिलेला असतो आणि मुलं तोच ४०० सूत्रात घालतात, ठेवायचा खर्च मात्र वर्षाचा. मग उत्तर येतं ५६६. वापर वर्षाचा तर खर्चही वर्षाचा, हे पहिल्या ओळीतच लिहून टाकायचं.

उत्तर पडताळायची सोपी खूण आहे. ४,००० च्या हिशोबाने वर्षात ५ ऑर्डर, म्हणजे ४,५०० रुपये. गोदामात सरासरी २,००० कट्टे, गुणिले २.२५, म्हणजे तेही ४,५००. दोन्ही खर्च सारखे आले की ईओक्यू बरोबर. १,५४९ ला ऑर्डरचा खर्च साडेअकरा हजारांच्या वर जातो आणि ठेवायचा खर्च पावणेदोन हजारांच्या आतच राहतो. एवढी तफावत दिसली की कागद परत उलगडायचा.

दालमिलची_लेक

धन्यवाद सर. तिला सांगितलं, ती म्हणते "किंमत आणि टक्के एकच आकडा ठेवायची तुझ्या बाबांना काय गरज होती?" 😄

मग पुढचं मी असं काढलं. रिऑर्डर लेव्हल ६०० × ४ = २,४००. मिनिमम २,४०० − (४०० × ३) = १,२००. मॅक्झिमम २,४०० + ४,००० − (२५० × २) = ५,९००. पण खारपाणपट्टा काका म्हणतात मिनिमम म्हणजेच रिऑर्डर लेव्हल. माझ्या उत्तरात ते दुप्पट वेगळे आहेत.

सूतगिरणी_स्टोअर

मी एका सूतगिरणीत स्टोअरला नोकरी करून निवृत्त झालो. बॉबिन, पट्टे, बेअरिंग, सगळ्यांची साठा नोंदायची बिन कार्डं हातानं भरलेली आहेत. पोरी, तुझे तिन्ही आकडे बरोबर आहेत. पण ते तीन वेगळे आकडे म्हणून पाठ करू नकोस. गोदामात २,४०० कट्टे उरले आणि तू फोन लावला, इथून पुढे काय काय होऊ शकतं ते पाहा.

नेहमीसारखं गेलं तर ३ आठवड्यांनी माल येईल आणि तोवर १,२०० कट्टे संपलेले असतील. गाडी दारात उभी राहील तेव्हा गोदामात १,२०० शिल्लक. हाच तुझा मिनिमम. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर साठा ज्याच्या खाली जात नाही, ती रेषा.

वाईटात वाईट गेलं, डाळीला उठाव आला आणि छापखान्यानेही उशीर लावला, तर ४ आठवडे ६०० च्या हिशोबाने २,४०० संपतील. शेवटचा कट्टा भरून होतो आणि गाडी येते. शिल्लक शून्य, पण मिल थांबली नाही. २,४०० चा आकडा याच्यासाठीच धरलेला आहे.

तिसरं, उठाव मंद आणि माल दोनच आठवड्यांत आला. तोवर फक्त ५०० कट्टे गेले, उरले १,९००, त्यावर ४,००० येऊन पडले. ५,९००. याहून जास्त कट्टे गोदामात कधी दिसायलाच नकोत. दिसले तर कुणीतरी दोनदा ऑर्डर दिली, नाहीतर मिलचा वापर तुझ्या २५० च्याही खाली गेला.

आता खारपाणपट्टा भाऊंचं. १,२०० वर फोन लावला तर नेहमीच्या वेळी ३ आठवड्यांत १,२०० च संपतात, म्हणून निभावून जातं आणि वाटतं आपलं बरोबर आहे. पण सीझनला ६०० चा वापर सुरू असला तर २ आठवड्यांत गोदाम रिकामं, आणि माल चौथ्या आठवड्यात. दोन आठवडे डाळ जमिनीवर. तुझ्या बाबांच्या हजारावर तर नेहमीच्या वेळीही शेवटचे तीन दिवस कट्टे पुरत नाहीत. त्यांना विचार, तेव्हा काय करतात.

दालमिलची_लेक

विचारलं. म्हणाले, "तेव्हा अकोल्याहून बिनछापाचे कट्टे आणतो, दोन दिवसांत भेटतात." त्यावर मार्का नसतो म्हणून व्यापारी डाळीला भाव कमी देतो, हेही त्यांनीच सांगितलं, जरा हळू आवाजात.

खारपाणपट्टा

म्हणजे काम तं चाललंच नं! 🙂

बरं, स्टोअरवाले भाऊ म्हणतात ते पटलं. आमच्या ढेपीचा माल दुसऱ्या दिवशी येते, म्हणून आमाले कधी फरकच जाणवला नाई. पण गाडी भरून मागवाची गोष्ट मी मागं घेत नाई. बारदानेवाला सांगते, दहा हजार घ्या, कट्ट्यामागं ५० पैसे कमी करतो. तुमच्या सूत्रात हे कुठं बसते?

कॉस्टिंग_शिकवणी

सूत्रात बसत नाही. सूत्र धरून चालतं की किंमत एकच आहे, म्हणून खरेदीची रक्कम त्यात येतच नाही. सूट आली की वर्षाचा सगळा खर्च दोन्ही बाजूंनी मांडायचा.

४,००० ची ऑर्डर, १५ रुपये भाव: खरेदी ३,००,०००, ऑर्डर खर्च ४,५००, ठेवायचा खर्च ४,५००. एकूण ३,०९,०००.

१०,००० ची ऑर्डर, साडेचौदा रुपये भाव: खरेदी २,९०,०००. दोनच ऑर्डर, १,८००. सरासरी ५,००० कट्टे पडून, प्रत्येकी २.१७५ रुपये, म्हणजे १०,८७५. एकूण ३,०२,६७५.

६,३२५ रुपयांचा फायदा. म्हणजे काकांचं म्हणणं या आकड्यांवर खरं ठरतं. मात्र कारण भाडं नाही. भाव तोच १५ ठेवून १०,००० मागवले असते तर १,८०० अधिक ११,२५०, म्हणजे १३,०५० लागले असते. ४,००० ला ९,००० लागतात. नुसत्या भाड्यासाठी गाडी भरली तर चार हजारांचा तोटा. फायदा झाला तो ५० पैशांमुळे.

खारपाणपट्टा

कारण कोणतं का असेना, गाडी भरली नं शेवटी.

वरूडचा_बागवान

आमच्याकडे संत्र्याचे प्लॅस्टिक क्रेट असतात. अंबियाला ३,००० लागतात, मृगाला कमी. मी हेच सूत्र लावून पाहिलं तर ईओक्यू ८०० आलं. म्हणजे दरवेळी ८०० क्रेट विकत घ्यायचे का? बँक यासाठी सीसी देते का कुणाला माहीत आहे?

सूतगिरणी_स्टोअर

भाऊ, क्रेट परत येतात. कट्टा डाळीसोबत गेला तो गेला, क्रेट मंडीतून रिकामा घरी येतो. तुमचा वापर ३,००० नाही, वर्षाकाठी जेवढे फुटले आणि हरवले तेवढाच आहे. एकावेळी किती क्रेट फिरतीवर लागतात हा वेगळा प्रश्न, त्याला हे सूत्र नको. सीसीचं इथे विचारू नका, धागा भरकटेल.

सरांच्या मांडणीवर माझं थोडं वेगळं मत आहे. छापील बारदान्याला १५ टक्के कमी आहेत. ज्याने सीसीवर पैसे उचलले त्याच्या १५ मधले बहुतेक टक्के बँकेच्या व्याजातच जातात. मग उंदीर, पत्र्याखालचं ऊन आणि वाया गेलेला छाप यांना उरतं काय? कट्टे उन्हात राहिले तर त्यांचा धागा तुटायला लागतो, शिवण मारताना सुई नुसती फाडत जाते.

आणि छाप. २०२२ च्या जुलैमध्ये २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या डाळीच्या पॅकिंगवर ५ टक्के जीएसटी आला. माझ्या ओळखीच्या एका मिलने लगेच ३० किलोवर उडी मारली. २५ किलोचे छापील कट्टे गोदामात तसेच राहिले, शेवटी भुसा भरायला काढले. ज्याच्याकडे दोन महिन्यांचे कट्टे होते त्याचं थोडक्यात निभावलं, ज्याच्याकडे सहा महिन्यांचे होते तो बसला.

कॉस्टिंग_शिकवणी

मान्य. मग टक्के वाढवून पाहू. किमतीच्या २४ टक्के धरले, महिन्याला २ टक्के, तर एक कट्टा ठेवायला ३ रुपये ६० पैसे. ईओक्यू उतरून ३,१६२ वर येतं आणि एकूण खर्च सुमारे ३,११,४००. सूट घेऊन १०,००० मागवले तर २,९०,००० + १,८०० + १७,४०० = ३,०९,२००. फायदा अजून आहे, पण दोन हजारांच्या आसपास. या दोन हजारांसाठी सहा महिन्यांच्या छापाची जोखीम घ्यायची का, हे त्या मिलवाल्याने ठरवायचं. गणित इथवरच सांगतं.

ताई, सूट घेतली तर मॅक्झिममही बदलतो, हे प्रोजेक्टमध्ये लिहायला विसरू नकोस. २,४०० + १०,००० − ५०० = ११,९००. रिऑर्डर आणि मिनिमम मात्र जागच्या जागी राहतात, कारण त्यांचा ऑर्डर केवढी आहे याच्याशी संबंध नाही.

दालमिलची_लेक

सर, एक शंका. बारदानेवाला हजाराच्या गठ्ठ्यात देतो. ४,००० जमतं, पण समजा उत्तर ३,१६२ आलं तर? ३,००० घ्यायचे की ४,०००?

कॉस्टिंग_शिकवणी

कोणतंही घे, फार फरक पडत नाही. तुझ्याच पहिल्या आकड्यांवर पाहा. ४,००० ला ऑर्डर आणि ठेवायचा खर्च मिळून ९,०००. ५,००० ला ३,६०० + ५,६२५ = ९,२२५. ३,००० ला ६,००० + ३,३७५ = ९,३७५. पाव हिस्सा इकडे-तिकडे झाला तरी वर्षाला दोन-चारशे रुपये. हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ साली हे सूत्र मांडलं, त्याचं इतकी वर्षं टिकण्याचं एक कारण हेही आहे: आकडे थोडे अंदाजाने घातले तरी ते फारसं बिघडत नाही.

रिऑर्डर लेव्हलला मात्र ही सवलत नाही. ती पाव हिस्सा खाली धरली तर एखाद्या आठवड्यात मिल थांबते.

मेळघाट_औषधवाला

मी मेळघाटात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता आहे. तुमचं वाचून माझा प्रश्न टाकतोय. सर्पदंशाच्या लशीची रिऑर्डर लेव्हल मी याच पद्धतीने काढली. आठवड्याला जास्तीत जास्त १० कुप्या, माल यायला जास्तीत जास्त ३ आठवडे, म्हणजे ३०. तरी गेल्या पावसाळ्यात साठा तळाला गेला. आमच्याकडे मागणीपत्र महिन्यातून एकदाच जातं, मधे पाठवलं तरी कुणी बघत नाही. चूक कुठे?

सूतगिरणी_स्टोअर

दोन गोष्टी आहेत सर.

पहिली तुमच्याच प्रश्नात आहे. ३० चा आकडा तेव्हा चालतो जेव्हा ३० ला आलो त्याच दिवशी मागणी जाते. कट्टेवाली पोरगी त्याच दुपारी फोन लावते, तुम्हाला पुढच्या तारखेची वाट पाहावी लागते. मागणीपत्राच्या दुसऱ्याच दिवशी साठा ३० च्या खाली गेला तर जवळपास ४ आठवडे तसेच जातात, मग माल यायचे ३. म्हणजे ३ नाही, ७ आठवड्यांचं धरा. ७०. मागणीपत्राच्या दिवशी साठा आणि वाटेवरचा माल मिळून ७० पेक्षा जेवढा कमी, निदान तेवढा मागवायचा.

दुसरी मोठी आहे. कट्टे रोज थोडे थोडे जातात. लस तशी जात नाही. चार आठवडे काहीच नाही, आणि मग एका रात्री दोन रुग्ण.

मेळघाट_औषधवाला

अगदी. एका रुग्णाला पहिल्याच डोसला ८ ते १० कुप्या लागतात. "आठवड्याला १०" हा आकडा मी रजिस्टरवरून काढला तेव्हा त्या आठवड्यात खरं तर एकच रुग्ण होता.

सूतगिरणी_स्टोअर

मग तुमचा हिशोब कुप्यांत नको, रुग्णांत करा. रस्ता बंद असताना जास्तीत जास्त किती रुग्ण येऊ शकतात ते तुम्हाला आणि डॉक्टरांना माहीत. त्यांना पुरेल एवढं राखून ठेवायचं. ईओक्यू वगैरे इथे लावूच नका. कट्टे संपले तर डाळ थांबते, एवढंच.

पावसाळ्याच्या आधी वेगळी जादा मागणी टाकता येते का? तुमच्याकडची पद्धत मला माहीत नाही.

मेळघाट_औषधवाला

येते, पण मे महिन्यात टाकावी लागते आणि तेव्हा जुन्या कुप्यांची मुदत बघतात. त्यावर वेगळा धागा काढतो. आभारी आहे.

दालमिलची_लेक

तुमचं बोलणं वाचताना मला आमच्या मिलचं एक आठवलं. आमचे ६०० आणि २५० सुद्धा वर्षभर मिसळून येत नाहीत. तुरीची आवक जानेवारीत सुरू झाली की साधारण २० आठवडे मिल जोरात असते, तेव्हा ५०० ते ६००. बाकीचे ३० आठवडे २५० ते ३५०. मग "नेहमीचा वापर ४००" हा आठवडा वर्षात येतच नाही! वहीत पाहिलं तर ४०० च्या जवळपासचे आठवडे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

सूतगिरणी_स्टोअर

शाब्बास. सगळ्या धाग्यात हा प्रश्न मला सर्वांत आवडला.

दोन कार्डं कर. सीझनचं: कमी ५००, नेहमीचा ५५०, जास्त ६००. रिऑर्डर २,४०० च राहते, पण मिनिमम २,४०० − (५५० × ३) = ७५०. बिगरसीझनचं: २५०, ३००, ३५०. रिऑर्डर ३५० × ४ = १,४००, मिनिमम १,४०० − ९०० = ५००. वर्षाची बेरीजही जुळते, ५५० चे २० आठवडे आणि ३०० चे ३० मिळून २०,०००.

आता तुझा आधीचा मिनिमम आठव, १,२००. एवढा जादा साठा कशासाठी होता? जानेवारीत वापर वाढतो हे दर वर्षी माहीत असूनही आपण त्याला अचानक आलेलं संकट समजत होतो. माहीत असलेली गोष्ट बाजूला काढली की राखीव साठा १,२०० वरून ७५० आणि ५०० वर येतो. भाद्रपदात २,४०० कट्टे उरले म्हणून घाईने फोन लावायचंही कारण राहत नाही, तेव्हा ते आठ आठवडे पुरतात.

एक जपायचं. कार्ड कधी बदलायचं ते मिल सुरू झाल्यावर ठरवू नका. छापखान्याला ४ आठवडे लागू शकतात, म्हणजे सीझनचं कार्ड डिसेंबरच्या सुरुवातीलाच टांगायचं. आणि सीझन संपताना उलटं: एप्रिलच्या शेवटी २,४०० ला आलात म्हणून सवयीने ऑर्डर दिली तर ते कट्टे पावसाळाभर उंदरांसाठी.

कॉस्टिंग_शिकवणी

काम उत्तम आहे, पण ताईला परीक्षेचंही सांगायला हवं. प्रश्नपत्रिकेत नेहमीचा वापर ४०० दिला असेल तर ४०० च घ्यायचा, दोन कार्डं मांडत बसलीस तर मार्क जातील. प्रोजेक्टमध्ये मात्र नक्की लिही, सर खूश होतील.

शिवाय सरासरी साठा विचारला तर तिथे दोन सूत्रं चालतात आणि उत्तरं जुळत नाहीत. मिनिमम अधिक अर्धी ऑर्डर म्हणजे १,२०० + २,००० = ३,२००. मिनिमम आणि मॅक्झिममची सरासरी म्हणजे ३,५५०. दुसरं जास्त येतं, कारण मॅक्झिमम हा मंद आठवड्यांवर बेतलेला असतो आणि तसे आठवडे रोज नसतात. मी पहिलं घ्यायला सांगतो. कोणतं घेतलं ते लिहायचं म्हणजे झालं.

दालमिलची_लेक

आणि डेंजर लेव्हल? अकोल्याहून दोन दिवसांत कट्टे येतात, म्हणजे आठवड्याचे ६ दिवस धरून दोन दिवसांचे. ४०० च्या हिशोबाने १३३, की ६०० च्या हिशोबाने २००?

कॉस्टिंग_शिकवणी

नेहमीचा वापर गुणिले तातडीच्या खरेदीचे दिवस. १३३. बहुतेक पुस्तकांत असंच आहे.

सूतगिरणी_स्टोअर

पुस्तकांत असेल. आमच्याकडे जास्तीत जास्त वापर धरायचे. माल तळाला गेलाय तो वापर वाढल्यामुळेच ना? मग त्याच वेळी नेहमीचा वापर कसा धरायचा? मी २०० वर लाल खूण करीन.

कॉस्टिंग_शिकवणी

छापखान्याच्या उशिरामुळेही तळाला जाऊ शकतो, वापर नेहमीचाच असताना. पेपरमध्ये १३३ लिही, भिंतीवर काका म्हणतात तसं २०० लिही.

खारपाणपट्टा

ताई, शेवटचं. दहा हजाराचा भाव ५० पैशांऐवजी ७५ पैसे सुटतो का ते बाबांना विचारायला सांगा. दिवाळीच्या आधी बारदानेवाल्याले पैशाची गरज असते.

दालमिलची_लेक

विचारलं काका. बाबा म्हणतात ७५ सुटतील, पण रोख. आणि पुढच्या वर्षी मार्का बदलायचा विचार चालू आहे, म्हणून सध्या ४,००० च मागवतोय. सीझनचं कार्ड मी पुठ्ठ्यावर लिहून गोदामाच्या दाराला लावलंय. त्यावर २,४०० ला फोन, ७५० ला "आठवडाभरात माल आला नाही तर छापखान्याला विचारा" आणि २०० ला अकोला, असं तिघांचं मिळून लिहिलंय. बाबांनी त्याखाली स्वतःच्या हाताने बारदानेवाल्याचा नंबर टाकला.

सूतगिरणी_स्टोअर

७५० ला विचारणं उशिराचं आहे. ५५० च्या वापराने ७५० म्हणजे दीड आठवडाही नाही, आणि तेव्हा ऑर्डर देऊन ३ आठवडे होऊन गेलेले असतात. विचारपूस दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी करायची, साठा कितीही असो. पुठ्ठ्यावर ऑर्डर दिल्याची तारीख लिहायला एक रकाना ठेव. वाटेवरचा माल कार्डावर दिसला नाही की घरातला दुसरा कुणीतरी २,४०० च्या खाली साठा बघून परत फोन लावतो. गिरणीत हे मी दोनदा होताना पाहिलंय.

खारपाणपट्टा

आमच्या इथं तर दोन भावांनी एकाच दिवशी लावला होता. ढेप अजून पडून हाय, कोणाले लागत असल तं सांगा.